गेलेल्या माणसाला घरच्या फोटोत आणताना: आधी कोणाला विचारायचं, मग कसं जोडायचं

माझ्या धाकट्या भावाचं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये दादरला झालं. बाबा २०१६ साली गेले. लग्नाचे फोटो हातात आले तेव्हा मला एकच गोष्ट खटकत राहिली. आई खुर्चीत बसलेली, मागे आम्ही सगळे, आणि बाबा नाहीत. मी कोणाला न सांगता एका स्टुडिओत बाबांचा फोटो दिला आणि म्हटलं, ह्यांना आईच्या शेजारी बसवा. आईच्या वाढदिवसाला मोठी फ्रेम तिच्या हातात ठेवली.

आई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचा खिसा उजवीकडे कुठला?" आणि थोड्या वेळाने, "आणि मी कुंकू कुठे लावते आता?"

तेव्हा मी नीट पाहिलं. स्टुडिओवाल्याने प्रकाश जुळवण्यासाठी बाबांचा फोटो उलटा केला होता, आरशात दिसतो तसा. शर्टाचा खिसा उजव्या छातीवर गेला होता, भांगही दुसऱ्या बाजूला. आणि नवरा शेजारी आहे म्हणून त्याने आईच्या कपाळावर लाल टिकली लावून दिली होती, कोणाला न विचारता. आईने ती फ्रेम कपाटात पालथी ठेवली. ती आजही तिथेच आहे.

पुढे मी तोच फोटो पुन्हा केला. ह्या वेळी आधी विचारून, स्वतः बसून, सहा-सात संध्याकाळी घालवून. तो आज आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. ह्या दोन फोटोंमध्ये काय फरक होता, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही स्वतः करणार असाल किंवा स्टुडिओत देणार असाल, पायऱ्या ह्याच राहतील.

१. आधी विचारा, आणि सगळ्यांत जवळच्या माणसाला विचारा

भेट म्हणून अचानक देऊ नका. ज्याचं माणूस गेलं आहे त्याने फोटो उघडताच गेलेला चेहरा समोर येतो, आजूबाजूला सगळे "कसा वाटला?" म्हणून तोंडाकडे बघत असतात, आणि त्याला रडायलाही जागा उरत नाही. नको म्हणायची सोय तर नसतेच.

विचारायचं कोणाला? नवरा गेला असेल तर बायकोला, मूल गेलं असेल तर आईवडील दोघांना. नुसत्या एकाला नाही. भावंडं, सुना, जावई हे सगळे नंतर. आणि वर्षश्राद्ध होण्याआधी हा विषय काढू नये असं माझं मत आहे. त्या वर्षात माणूस एक दिवस हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला तो फोटो नजरेसमोर नको असतो.

विचारताना नुसतं "बाबांना फोटोत घालू का?" असं विचारू नका, कारण त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे. मी आईसमोर चार पर्याय ठेवले. बाबा सगळ्यांबरोबर उभे दिसतील असा फोटो. किंवा आईच्या मांडीवर बाबांची फ्रेम ठेवून सगळ्यांचा नवा फोटो, जसा पूर्वी घराघरांत काढत. किंवा वरच्या कोपऱ्यात लंबगोलात बाबांचा वेगळा चेहरा, तोही जुना प्रकार. आणि चौथा पर्याय, काहीच करायचं नाही. हा चौथा मोठ्याने बोलून दाखवा, नाहीतर समोरच्याला तो आहे असं वाटतच नाही.

त्याबरोबर दोन प्रश्न विचारा. ते कुठे असावेत? आणि कुठल्या वयाचे?

आईने चार दिवस काही उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "माझ्या मागे उभे कर. शेजारी नको. शेजारी असले की माझं कपाळ दिसतं." मी आधीच्या वेळी नेमकं शेजारी बसवलं होतं. हे उत्तर मला स्वतःच्या डोक्यातून कधीच मिळालं नसतं.

हे ठरल्यावर जिवंत माणसांबद्दलचा एक नियम पक्का करून घ्या: त्यांच्यात काहीही बदलायचं नाही. टिकली नाही, मंगळसूत्र नाही, बांगड्या नाहीत, साडीचा रंग नाही. स्टुडिओत देणार असाल तर हे कागदावर लिहून द्या. गेलेल्या माणसालाही कोट, फेटा चढवू नका. आमच्या बाबांनी जन्मात कोट घातला नाही. कोटातले बाबा म्हणजे बाबांचा चेहरा असलेला भलताच कोणीतरी.

२. काय काय जमवायचं

- कुटुंबाच्या फोटोची मूळ फाइल. ॲल्बमचा फोटो मोबाइलवर काढलेला नको.
- त्या वेळी काढलेले त्याच रांगेचे सगळे फोटो, न निवडलेलेसुद्धा.
- गेलेल्या माणसाचे मिळतील तितके फोटो. निवड नंतर करायची.
- जुन्या प्रिंट असतील तर काचेचा सपाट स्कॅनर, आणि निगेटिव्ह सापडल्या तर त्या.
- संगणक आणि फोटोशॉप किंवा GIMP. GIMP फुकट आहे आणि ह्या कामाला पुरतं. मी त्यातच केलं.

नातेवाइकांकडून फोटो मागवताना एक सांगून ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसून येतो. Document म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. माझ्या मामेभावाने पाठवलेला एकच फोटो मला आधी धूसर आणि मग चांगला असा दोनदा मिळाला, तो ह्यामुळेच.

३. गेलेल्या माणसाचा फोटो निवडणं

निम्मं काम इथे होतं. इथे चुकलं तर पुढे कितीही घासा, तो माणूस चिकटवल्यासारखाच दिसतो.

माझ्यासमोर पाच फोटो होते. पहिला भिंतीवरचा, चंदनाचा हार घातलेला. तो मुळात पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला, चेहरा गुळगुळीत करून टाकलेला. दुसरा आधारकार्डावरचा. तिसरा शेवटच्या आजारपणातला, मोबाइलवर काढलेला. चौथा २०११ सालच्या एका लग्नातला, मांडवात भर उन्हात. पाचवा सप्टेंबर २०१३ चा, गणपतीतला. चाळीच्या गॅलरीत आरती संपली आहे, बाबांच्या हातात अजून झांजा आहेत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन.

पहिले दोन लगेच बाजूला काढले. पासपोर्ट फोटोत खांद्याखालचं काही नसतं, आणि कॅमेरा जवळ असल्यामुळे चेहऱ्याची ठेवण वेगळी येते: नाक किंचित मोठं, कान मागे गेलेले. गटाचा फोटो तीन-चार मीटरवरून काढलेला असतो. जवळून काढलेला चेहरा त्यात ठेवला की काय चुकलं ते कोणाला सांगता येत नाही, पण चुकलं आहे हे सगळ्यांना कळतं. सेल्फीचंही तसंच. तिसरा, आजारपणातला, मी आईला दाखवलाच नाही.

चौथा फोटो सगळ्यांत स्वच्छ होता, पण ऊन डावीकडून होतं. नाकाची कडक सावली उजव्या गालावर पडली होती. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोग्राफरचा छत्रीवाला फ्लॅश उजवीकडे होता, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या सावल्या डाव्या बाजूला. स्टुडिओवाल्याने हाच फोटो घेऊन उलटा केला होता. उलटं करण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. खिसा, भांग, घड्याळाचा हात, गालावरचा तीळ, शर्टाच्या बटणपट्टीची बाजू, सगळं बदलतं. बाईचा फोटो असेल तर पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो. परक्याला कळत नाही. ज्याने चाळीस वर्षं तो चेहरा समोर पाहिला आहे त्याला पहिल्या क्षणी कळतं.

प्रकाश कुठून आहे हे ओळखायचं असेल तर फोटो मोठा करून दोन जागा बघा: नाकाची सावली कुठल्या गालाकडे झुकते, आणि डोळ्यांत दिव्याचा पांढरा ठिपका कुठे आहे. कुटुंबाच्या फोटोत हेच दोन्ही बघा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर सावलीतला, मऊ उजेडातला फोटो शोधा, कारण मऊ उजेडातल्या चेहऱ्यावर एका बाजूला थोडी सावली घालता येते. कडक सावली मात्र पुसता येत नाही. पुसायला गेलात तर तिथे गाल नवा रंगवावा लागतो.

म्हणून गॅलरीतला पाचवा फोटो घेतला. आईला दोन दाखवले होते, तिनेही हाच उचलला. तिचं कारण वेगळं होतं. "ह्यात बरे होते," एवढंच म्हणाली.

४. जुनी प्रिंटच असेल तर

मुंबईच्या दमट हवेत बरेच जुने फोटो फ्रेमच्या काचेला आतून चिकटलेले असतात. ते ओढून काढू नका. फोटोचा वरचा थर काचेवर राहतो आणि नेमका चेहराच सोलला जातो. काचेसकट फोटो काढा. फ्रेम खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड बाजूने तिरका पडेल, आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही.

सुटी प्रिंट असेल तर स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. चेहरा नखाएवढा असेल तर १२०० ठेवून बघा, पण साध्या प्रिंटमध्ये मुळात त्याहून जास्त तपशील नसतो, नुसती फाइल जड होते. निगेटिव्ह सापडली तर प्रिंटपेक्षा तीच स्कॅन करून घ्या, तिच्यात बरंच जास्त असतं. बारीक खळ्यांच्या कागदावरची प्रिंट स्कॅन केली की चेहऱ्यावर ठिपके चमकतात. ती एकदा सरळ आणि एकदा फिरवून अशी दोनदा स्कॅन करा, दोन्ही एकमेकांवर ठेवून चमकणारे ठिपके बरेच कमी करता येतात.

चेहरा आपोआप "साफ" करून देणारी ॲप ह्या कामाला वापरू नका. तपशील नसेल तिथे ती कोणाचे तरी डोळे, कोणाचे तरी दात भरतात. चेहरा चकचकीत होतो आणि माणूस हरवतो.

भिंतीवरचा हाराचा फोटो उतरवायचा असेल तर तेही विचारून. आमच्याकडे आईने स्वतः हार काढला, काच पुसली आणि मग फ्रेम माझ्या हातात दिली.

५. कुटुंबाचा फोटो: जागा शोधा, माणसं सरकवू नका

ॲल्बममध्ये निवडलेल्या फोटोत आम्ही सगळे एकमेकांना चिकटून उभे होतो. स्टुडिओवाल्याने तिथे जागा करायला माझा खांदा कापला होता. पण फोटोग्राफर अशा वेळी एकच फोटो काढत नाही. मी त्याच्याकडून त्या पाच मिनिटांतले सगळे फोटो मागितले. अकरा निघाले. त्यातल्या दुसऱ्या फोटोत आम्ही अजून नीट सरकलो नव्हतो, आणि आईच्या खुर्चीच्या मागे माझ्यात आणि भावात हातभर फट होती. मागे साधा मरून पडदा. आईचे डोळे उघडे, सगळ्यांची तोंडं समोर. तोच घेतला.

आईच्या मागे उभं करण्यात आणखी एक सोय होती, आणि ती आईने नकळत दिली. कमरेखालचा भाग खुर्चीने झाकला जातो. पाय जमिनीवर टेकवणं हे ह्या कामातलं सगळ्यांत अवघड, कारण पावलांखालची सावली जरा जरी चुकली तरी माणूस हवेत तरंगतो. शक्य असेल तर गेलेल्या माणसाला मागच्या रांगेतच ठेवा.

कार्यक्रम अजून व्हायचा असेल तर मग फारच सोपं. सगळ्यांचा फोटो झाल्यावर फोटोग्राफरला सांगा, कॅमेरा आणि दिवे हलवू नका, आणि एका माणसाची जागा सोडून आणखी एक काढा. मग त्या माणसाच्या उंचीच्या कोणालातरी तिथे उभं करून तिसरा काढा. हा तिसरा फोटो छापायचा नाही. उंची किती, सावली कुठे पडते, शेजारच्याच्या बाहीवर काय दिसतं, हे सगळं तो दाखवतो. फक्त आधी घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर मांडवात मधे रिकामी जागा का म्हणून दहा जण विचारतात.

६. जोडणी

पहिलं माप. लग्नाचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता. त्यात भावाचं डोकं, हनुवटीपासून टाळूपर्यंत, साधारण ३८० पिक्सेल भरलं. बाबांच्या फोटोत त्यांचं डोकं ४२० होतं. म्हणजे बाबांना थोडं लहान करायचं होतं, आणि हे बरं असतं. लहान केलेला फोटो रेखीव राहतो, मोठा केलेला फुटतो. मोठं करावं लागत असेल तर दुसरा फोटो शोधा.

मग उंची. भाऊ पाच फूट आठ इंच, बाबा पाच फूट पाच. डोकं सुमारे नऊ इंचांचं धरलं तर ३८० पिक्सेल म्हणजे एका इंचाला ४२ च्या आसपास. तीन इंचांचा फरक म्हणजे १२५ पिक्सेल. भावाच्या डोळ्यांपासून तेवढं खाली बाबांचे डोळे आले पाहिजेत. मी आधी प्रेमाने त्यांना भावाच्या बरोबरीला ठेवलं होतं. बहिणीने बघितलं आणि म्हणाली, "बाबा स्टुलावर उभे आहेत का?"

GIMP मध्ये लग्नाचा फोटो उघडा, मग File > Open as Layers ने बाबांचा फोटो त्यावर आणा. आजूबाजूचं खोडरबराने पुसून टाकू नका. Layer > Mask > Add Layer Mask घ्या आणि त्यावर काळ्या ब्रशने रंगवा. काळं तिथे झाकलं जातं, पांढऱ्याने रंगवलं की परत येतं. चूक झाली तरी काही नष्ट होत नाही. फाइल GIMP च्या स्वतःच्या XCF प्रकारात जपून ठेवा.

केसांच्या कडा सगळ्यांत जास्त वेळ घेतात. गॅलरीतल्या फोटोत बाबांच्या मागे उजळ आकाश होतं, त्यामुळे केसांभोवती पांढरी किनार राहिली होती आणि मरून पडद्यावर ती प्रभावळीसारखी दिसत होती. मऊ, लहान ब्रशने ती आतपर्यंत झाकली आणि बाहेर आलेल्या तुरळक बटा गेल्या तर जाऊ दिल्या. बाबांच्या केसांना तेल असायचं, ते नीट बसलेलेच असायचे.

त्यानंतर काळा आणि पांढरा. दोन्ही फोटो थोडा वेळ बिनरंगी करून बघा, कारण रंग डोळ्याला फसवतो. बाबांच्या केसांतला सगळ्यांत गडद भाग आणि भावाच्या केसांतला सगळ्यांत गडद भाग सारखाच काळा हवा. बाबांचा शर्ट भावाच्या झब्ब्यापेक्षा उजळ नको. Colors > Curves मध्ये हे दोन टोकं जुळवा. मग रंग परत आणून त्वचा बघा. हॉलच्या दिव्यांनी आम्ही सगळे जरा पिवळे होतो, बाबा सावलीमुळे निळसर. तेही Curves मध्येच निळा थोडा उतरवून जुळलं. शेवटी बाबांच्या डाव्या बाजूच्या गालावर, म्हणजे फोटोत आपल्याला डावीकडे दिसतो तिथे, हलकी सावली घातली. ती इतकीच ठेवा की तो स्तर बंद केल्यावरच कळेल.

एवढं करूनही बाबा पुठ्ठ्याचे वाटत होते. दोन दिवस मला कारण सापडेना. मग लक्षात आलं की भावाचा खांदा बाबांच्या पुढे आहे, पण त्या खांद्याची सावली बाबांच्या बाहीवर नाही. बाहीच्या कडेला दोन बोटं रुंद, मऊ, फिकट काळी पट्टी दिली, आणि खुर्चीच्या वरच्या कडेजवळ शर्टावर तशीच आणखी एक. त्या क्षणी बाबा आमच्यात आले. माझा हात माउसवरून निघाला.

एक शेवटची खूण: दोन्ही फोटोंचे कण बघा. बाबांचा फोटो जुन्या लहान कॅमेऱ्याचा, म्हणून शंभर टक्के मोठा केला की रवाळ. लग्नाचा एकदम स्वच्छ. बाबांचे कण थोडे कमी केले आणि पूर्ण फोटोवर अगदी बारीक कण पसरले, म्हणजे सगळे एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखे दिसतात.

बाबांच्या चेहऱ्याला मी हात लावला नाही. ओठ हसरे केले नाहीत, सुरकुत्या काढल्या नाहीत. हातातल्या झांजा आईच्या खुर्चीमागे गेल्या. दिसत नाहीत, पण त्या आहेत हे आईला माहीत आहे.

७. आधी लहान प्रिंट

मोठी फ्रेम लगेच करू नका. चार बाय सहा इंचांची साधी प्रिंट काढा आणि ज्यांना पहिल्यांदा विचारलं होतं त्यांना ती एकटं असताना द्या. फोनवर दाखवू नका. फोनवर माणूस चेहरा मोठा करून बघतो, आणि प्रिंटचे रंगही वेगळे येतात. "आवडला का?" असंही विचारू नका. "काही वेगळं वाटतं का?" असं विचारा.

आईने दोन गोष्टी सांगितल्या. बाबांचा शर्ट जास्तच पांढरा दिसतो, कारण तो घरात धुतलेला शर्ट होता, नवा नव्हता. आणि त्यांनी माझ्या थोडं जवळ असावं, भावापेक्षा. दोन्ही केलं. मग बारा बाय अठरा इंचांची प्रिंट काढली. सहा हजार पिक्सेल अठरा इंचांत बसतात तेव्हा इंचाला तीनशेहून जास्त पडतात, तेवढे पुरतात.

तिने नको म्हटलं असतं तर तिथेच थांबायचं होतं. एवढी मेहनत केली म्हणून फ्रेम भिंतीवर लागलीच पाहिजे असं नाही.

८. घरच्यांना काय सांगायचं

फोटो भिंतीवर लागण्याआधी सगळ्यांना कळलं पाहिजे की तो जोडलेला आहे. पाहुण्यांसमोर कळू नये, आणि घरच्या ग्रुपवर तर नाहीच. मी एकेकाला फोन केले आणि साधं सांगितलं: "लग्नाच्या फोटोत बाबांना जोडलं आहे. गणपतीतला फोटो आहे. आईला विचारून केलं. घरी आलात की दिसेल, म्हणून आधी सांगते." एवढं पुरतं. ग्रुपवर फोटो टाकला तर तो सांगण्याशिवायच पुढे जातो, आणि चार घरं ओलांडल्यावर त्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो.

आत्याला ते पटलं नाही. "गेलेल्या माणसाला जित्यांच्या रांगेत उभं करू नये," म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता, तिचाही तो भाऊच होता. मी विचारलं, "तुला कसा हवा?" ती म्हणाली, नुसता लग्नाचा, जसा झाला तसा. तिला मूळ फोटो मोठा करून दिला. तुमच्याकडेही असं कोणी असेल. एकाच फोटोवर सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं असं नाही, दोन फोटो असू शकतात.

मुलांना मात्र नेमकं आणि वारंवार सांगावं लागतं. माझा मुलगा त्या फोटोत आहे, लग्नात पाच वर्षांचा होता. काही महिन्यांनी तो मित्राला सांगत होता, "हे माझे आजोबा, मामाच्या लग्नात आले होते." तो खोटं बोलत नव्हता. फोटो आठवणीत शिरतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस प्रौढांना त्यांचा लहानपणीचा, गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा बनावट फोटो दाखवला होता. तीन मुलाखतींनंतर त्यातल्या निम्म्यांना ती कधीच न झालेली सफर थोडीफार किंवा पूर्ण आठवायला लागली होती. मोठ्यांचं हे, तर मुलांचं काय.

मी त्याला शेजारी बसवलं आणि दोन्ही मूळ फोटो दाखवले. "आजोबा तू जन्मायच्या आधीच गेले. लग्नात ते नव्हते. आम्हाला ते असायला हवे होते, म्हणून हा गणपतीतला फोटो इथे आणला." त्याने विचारलं, "मग मी त्यांच्या बाजूला नव्हतो?" नव्हतास, असं सांगितलं. त्याला वाईट वाटलं. तरी हेच सांगायचं.

जोडलेला फोटो कुठल्याही कामाला पुरावा म्हणून देऊ नका, पेन्शन असो की वारसाचे कागद. तिथे मूळ फोटोच जाऊ द्या.

९. मागे चिठ्ठी, आणि मूळ फोटो सोबत

फ्रेमच्या पाठीवर, आतल्या पुठ्ठ्यावर, कागदाची चिठ्ठी चिकटवा. प्रिंटच्या मागे बॉलपेनने थेट लिहू नका, खुणा पुढे उमटतात. आमची चिठ्ठी अशी आहे:

"दादर, डिसेंबर २०२२. बाबा (१९५४–२०१६) लग्नात नव्हते. त्यांचा फोटो सप्टेंबर २०१३, गणपतीतला, नंतर जोडला आहे. दोन्ही मूळ फोटो ह्याच फ्रेममध्ये मागे आहेत."

ते दोन्ही मूळ फोटो चार बाय सहाच्या प्रिंट करून खरंच मागे ठेवले आहेत. फाइलच्या नावातही लिहा, म्हणजे सुटी फाइल कोणाकडे गेली तरी नाव सोबत जाईल:

```
2022-12_lagna_MUL.jpg
2013-09_ganpati_baba_MUL.jpg
2022-12_lagna_baba-JODLELE.jpg
```

फ्रेम कुठे लावायची तेही आईनेच ठरवलं. बाबांचा हाराचा फोटो आतल्या खोलीत आहे, तिथे नको म्हणाली. बाहेर, खिडकीसमोर लावली. दसऱ्याला मी झेंडूचा हार घेऊन गेले होते आणि सवयीने त्या फ्रेमकडे वळले, तेव्हा तिने माझ्या हातातून हार घेतला. "ह्याला नाही," म्हणाली, आणि आत घेऊन गेली.